शंभर किलो कांदा गेला कुठं? – स्लाइडवर कोड मांडताना झालेली माझी चूक



आज एका चुकीबद्दल लिहितेय. चूक माझी होती, पण तिची शिक्षा आठवडाभर एका मुलीनं भोगली.

मी वैजापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना शनिवारी थोडं पायथन शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे बहुतेक घरांत कांदा असतो. त्यामुळे हिशोबही कांद्याचाच घेतला: गोण्यांची वजनं विचारायची, त्यांची बेरीज करायची, भावानं गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची आणि शेवटी हातात किती पडले ते दाखवायचं. मुलांनी घरी पट्टी पाहिलेली असते, म्हणून हिशोब काही त्यांना नवा नव्हता.

हा सगळा प्रोग्रॅम २२ ओळींचा झाला. मी तो एकाच स्लाइडवर टाकला. उजवीकडे कांद्याच्या गोण्यांचा छानसा फोटो लावला, वर रंगीत शीर्षक दिलं. वर्गातल्या ४३ इंची टीव्हीवर स्लाइड लागली आणि मला वाटलं, जमलं. मुलांनी आधी वहीत उतरवून घेतलं, कारण संगणक चारच आहेत. मग आळीपाळीनं वहीत बघून टाइप केलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी प्रोग्रॅम चालवून गप्प बसली. तिनं तीन गोण्यांची वजनं दिली होती: ४८, ५२ आणि ५०. उत्तर आलं ५०. तिनं पुन्हा चालवलं, पुन्हा ५०. लाल अक्षरात चूक दाखवणारा संदेश वगैरे काही नाही. संगणक अगदी शांतपणे चुकीचं उत्तर देत होता. शेजारच्या मुलाचं उत्तर १५० आलेलं तिनं पाहिलं आणि वही मिटली. पुढच्या शनिवारी ती संगणकाजवळ आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, “मॅडम, मला बेरीजच येत नाही वाटतं. संगणकानं पण माझी चुकीचीच केली.”

तोंडी बेरजेत वर्गात पहिली असणारी मुलगी ही. मी तिची वही उघडली. प्रोग्रॅमचा नेमका भाग तिनं असा लिहिला होता:

```
ekun = 0
for i in range(3):
    vajan = int(input("वजन? "))
ekun = ekun + vajan
print("एकूण:", ekun)
```

आणि हवा होता असा:

```
ekun = 0
for i in range(3):
    vajan = int(input("वजन? "))
    ekun = ekun + vajan
print("एकूण:", ekun)
```

फरक फक्त चौथ्या ओळीत आहे. तीही चार जागा आत असायला हवी. पायथनमध्ये `for` च्या खाली जेवढ्या ओळी आत सरकवलेल्या असतात, तेवढ्याच पुन्हा पुन्हा होतात. चौथी ओळ बाहेर आली की वजन तीनदा विचारलं जातं, पण बेरीज एकदाच होते, तीही शेवटच्या गोणीची. ४८ आणि ५२ मिळून शंभर किलो कांदा तिथं हरवला. ही मांडणीही पायथनच्या व्याकरणात बसते, म्हणून संगणक तक्रार करत नाही.

आता प्रश्न असा की तिनं ती ओळ बाहेर का लिहिली? उत्तर शोधायला मी तीच स्लाइड लावली आणि तिच्या बाकावर जाऊन बसले. तिथून मलाही ती ओळ बाहेरच दिसली.

का दिसली, ते सांगते. कारणं तीन होती आणि तिन्ही माझ्याच हातची.

पहिलं कारण अक्षराचा साचा. माझ्या स्लाइडचा फॉन्ट होता Calibri. आपला नेहमीचा मजकूर अशा फॉन्टमध्ये छान दिसतो, कारण त्यात प्रत्येक अक्षर गरजेपुरतीच जागा घेतं. `i` बारीक, `m` रुंद. मोकळी जागा तर फारच अरुंद. Calibri मध्ये चार मोकळ्या जागा मिळून एका `m` पेक्षा जेमतेम जास्त भरतात. म्हणजे पायथनसाठी सगळ्यात महत्त्वाची जी खूण, तीच सगळ्यात बारीक झाली.

प्राथमिकच्या शिक्षकांना हे समजायला चौकटीची वही आठवली की पुरे. आपण पहिली-दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज चौकटीच्या वहीतच का करायला लावतो? एका चौकटीत एकच अंक आला की एककाखाली एकक, दशकाखाली दशक आपोआप बसतो. कोऱ्या कागदावर तेच मूल अंक तिरके सरकवतं आणि बेरीज येत असूनही उत्तर चुकतं. समान रुंदीचा फॉन्ट म्हणजे चौकटीची वही. त्यात `i`, `m`, कंस, टिंब आणि मोकळी जागा या सगळ्यांना सारखीच चौकट मिळते. तहसीलसमोर पूर्वी टाइपरायटर घेऊन बसणारे आठवतात ना? कुठलंही इंग्रजी अक्षर दाबा, गाडी तेवढीच सरकायची. त्याच पद्धतीचं Courier हे अक्षर १९५० च्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी तयार झालं. आजच्या Courier New चं मूळ तेच.

मी Consolas निवडला. विंडोजमध्ये तो असतोच, शिवाय त्यात शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते, त्यामुळे `0` आणि `O` यांत गोंधळ होत नाही.

दुसरं कारण आकार. मी फॉन्ट १८ चा ठरवला होता. पण २२ ओळी मावेनात, म्हणून पॉवरपॉइंटनं तो आपोआप १४ वर आणला आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. इथं एक सोपा हिशोब सांगते, तो तुम्हाला कायम उपयोगी पडेल. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ९६० पॉइंट रुंद असते. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे त्या टीव्हीवर एक पॉइंट बरोबर जवळपास एक मिलिमीटर! आता १४ च्या फॉन्टमध्ये `a`, `n`, `u` अशा छोट्या अक्षरांची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे सात मिलिमीटरच्याही आत. आणि ती वाचायची कुठून, तर वीस फुटांवरच्या शेवटच्या बाकावरून. चौथ्या ओळीचं आत सरकणं होतं जेमतेम सव्वा सेंटिमीटर.

तेच Consolas २८ आकारात घेतलं तर? त्यात प्रत्येक चौकट सुमारे साडेपंधरा पॉइंट रुंद होते. चार मोकळ्या जागा मिळून ६० मिलिमीटरच्या पुढं जातात. सव्वा सेंटिमीटरचे सहा सेंटिमीटर झाले. आता ती ओळ आत आहे हे न बघणाऱ्यालाही दिसेल.

तिसरं कारण तो फोटो. त्यानं अर्धी स्लाइड खाल्ली होती. त्यामुळे माझी लांबलचक ओळ, जिच्यात “पुढच्या गोणीचं वजन किलोमध्ये किती आहे ते लिहा” असा सगळा प्रश्न होता, ती मोडून खाली आली आणि डाव्या कडेला चिकटली. तिच्या लगेच खालची चौथी ओळ मुलीला त्या तुटलेल्या तुकड्याच्या रांगेतच वाटली. तिनं जे दिसलं तेच वहीत लिहिलं. चूक तिची नव्हतीच.

मग मी स्लाइड नव्यानं केली. कशी, ते क्रमानं सांगते.

आधी फोटो काढला. मग स्वतःला विचारलं, आज मुलांनी नेमकं काय शिकायचंय? फक्त एवढंच, की फेरीच्या आत काय आहे आणि बाहेर काय. त्यासाठी २२ पैकी पाचच ओळी लागतात, वर दिलेल्या त्याच. २८ आकारात स्लाइडवर दहा-बारा ओळी मावतात, पण मावतात म्हणून भरायच्या नाहीत. रुंदीचंही तसंच. कडेला थोडी जागा सोडली तर २८ च्या Consolas मध्ये एका ओळीत ५६ चौकटी बसतात. मी पन्नासच्या आत थांबते. त्यासाठी तो लांबलचक प्रश्न कापून नुसतं “वजन?” केलं. ओळ मोडणार असेल तर अक्षर लहान करायचं नाही, ओळच लहान करायची.

मग पिवळा पट्टा. मी अक्षरांच्या मागं एक पिवळा आयत ठेवला, तिसरी आणि चौथी ओळ एकत्र झाकेल असा. नंतर Ctrl+D दाबून त्या स्लाइडच्या प्रती केल्या आणि प्रत्येक प्रतीत फक्त पट्टा हलवला. पहिल्या स्लाइडवर पट्टा नाही, नुसत्या पाच ओळी. मुलांना शांतपणे वाचू द्यायच्या. दुसरीवर पट्टा `ekun = 0` वर. तिसरीवर `for` च्या ओळीवर. चौथीवर आतल्या दोन्ही ओळींवर एकदम, कारण त्या दोघी एका घरात राहतात. पाचवीवर `print` वर. अक्षरं जागची हलत नाहीत, त्यामुळे स्लाइड बदलली तरी मुलांना फक्त पट्टाच सरकताना दिसतो. हेच ॲनिमेशननंही करता येतं, पण फाइल पीडीएफ करून पाठवली की ॲनिमेशन जातं. प्रती मात्र राहतात.

चौथ्या स्लाइडवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबते. पट्टा आतल्या दोन ओळींवर असताना फळ्यावर तक्ता काढते: वजन ४८, एकूण ४८. वजन ५२, एकूण १००. वजन ५०, एकूण १५०. मग सहाव्या स्लाइडवर तिचीच वही! म्हणजे चौथी ओळ बाहेर आलेला प्रोग्रॅम, पट्टा फक्त त्या ओळीवर. नाव अर्थातच कुणाचं घेतलं नाही. विचारलं, “आता एकूणमध्ये काय येईल?” त्या मुलीनंच हात वर केला. “पन्नास. कारण बेरीज शेवटी एकदाच होते, मॅडम. माझं असंच झालं होतं.” मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, “म्हणजे बेरीज बरोबरच होती!”

हो बाळा, बेरीज बरोबरच होती.

आता पट्ट्याबद्दल दोन गोष्टी, ज्या मी फसूनच शिकले. आधी मी पट्ट्याऐवजी महत्त्वाची अक्षरंच लाल केली होती. आमच्या वर्गाला पूर्वेला मोठ्या खिडक्या आहेत. सकाळच्या उजेडात टीव्हीवरचं गडद लाल आणि काळं मागच्या बाकावरून सारखंच दिसतं. शिवाय काही मुलांना लाल-हिरवा फरक कळत नाही. मागचा पट्टा मात्र सगळ्यांना कळतो. दुसरं म्हणजे बाकीच्या ओळी फिक्या करण्याचा मोह. मी त्या इतक्या फिक्या केल्या की `for` ची ओळच गायब झाली. मग आतल्या दोन ओळी कशाच्या आत आहेत तेच दिसेना. बाकीच्या ओळी मागच्या बाकावरून वाचता आल्याच पाहिजेत, तेवढ्याच फिक्या करायच्या.

मराठी मजकूर असलेल्या कोडची आणखी एक गंमत आहे, ती आपल्यालाच भेटते. Consolas मध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच. त्यामुळे “वजन” हा शब्द पॉवरपॉइंट दुसऱ्याच फॉन्टमधून आणतं. त्याला मात्रा-वेलांट्यांसाठी वर-खाली जास्त जागा लागते, म्हणून मराठी असलेल्या ओळी जरा उंच होतात आणि आपला पट्टा अर्धा वर, अर्धा खाली बसतो. उपाय सोपा आहे. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ओळींचं अंतर Exactly करून ४० पॉइंट द्यायचं. सगळ्या ओळी सारख्या अंतरावर येतात. मराठी अक्षरं चौकटीत मात्र बसणार नाहीत, ती त्यांच्या रुंदीनंच येतील. म्हणून मराठी शब्द ओळीच्या शेवटाकडे, अवतरणचिन्हांच्या आतच ठेवायचे. ओळीची सुरुवात चौकटीत राहिली की झालं.

थोड्याच ओळी दाखवल्या की दुसरी अडचण येते: बाकीच्या गेल्या कुठं? मी सुरुवातीला वगळलेल्या ओळींच्या जागी तीन टिंबं दिली. मुलांनी ती तशीच टाइप केली. आणि मजा बघा, पायथनला `...` चालतं! ते त्याच्या भाषेतलं वैध चिन्ह आहे, त्यामुळे चूक दाखवलीच नाही. प्रोग्रॅम अर्धवट राहिला आणि कुणाला कळलं नाही. आता मी टिंबं देत नाही. संपूर्ण प्रोग्रॅम ओळ-क्रमांकासह एका कागदावर छापून देते आणि स्लाइडवर त्याच ओळींचे तेच क्रमांक लावते, समजा ८ ते १२. मूल कागदावर आठवी ओळ शोधतं आणि मागचं-पुढचं आपोआप दिसतं. क्रमांक मात्र वेगळ्या चौकोनात, करड्या रंगात ठेवायचे. एकदा मी ते कोडच्या ओळीतच लिहिले, तर दोघांनी `8 ekun = 0` असंच टाइप केलं.

शेवटची खोडी पॉवरपॉइंटची. ही स्लाइड मी काही शिक्षक मैत्रिणींना पाठवली. त्यांनी त्यातून कोड कॉपी करून चालवला आणि सगळ्यांकडून एकच उत्तर आलं:

```
SyntaxError: invalid character '“' (U+201C)
```

झालं असं की मी कोड थेट स्लाइडवर टाइप केला होता. तेव्हा पॉवरपॉइंटनं सरळ अवतरणचिन्हांची वळणदार केली. छपाईला ती सुंदर दिसतात, पायथनला ती ओळखू येत नाहीत. एका जागी तर `for i` चं `For I` करून ठेवलं होतं, कारण इंग्रजी वाक्य मोठ्या अक्षरानं सुरू होतं आणि एकटा `i` मोठाच लिहितात, असं त्याला वाटतं. म्हणून आता नियम केलाय: कोड आधी पायथनमध्ये लिहायचा, चालवून बघायचा, मगच स्लाइडवर पेस्ट करायचा. स्लाइडवर हातानं एक अक्षरही बदलायचं नाही. बदल हवा असेल तर परत पायथनमध्ये जायचं. आणि फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडणार असेल तर सेव्ह करण्याच्या पर्यायांत Embed fonts in the file वर खूण करायची. नाहीतर तिथं Consolas नसला की दुसराच फॉन्ट येतो आणि आपल्या चौकटी पुन्हा मोडतात. जमलं तर तिथं आधी एकदा उघडूनच बघावं.

कोडचा फोटो का लावत नाही, असं एका पालकांनी विचारलं. फोटोत अवतरणचिन्हं बदलत नाहीत हे खरं. पण फोटो मोठा केला की अक्षरं धूसर होतात, आणि त्यातून कोड कॉपी करता येत नाही.

डी.एड.ला असताना फलकलेखनाच्या तासाला आम्हाला सांगितलं होतं, फळ्यावर लिहून झालं की मागच्या भिंतीपर्यंत चालत जा आणि तिथून वाचा. मी फळ्यासाठी ते अजून पाळते, टीव्हीसाठी विसरले होते. घरी स्लाइड करताना मागची भिंत कुठून आणायची, तर तोही हिशोब आहे. ४३ इंची टीव्ही वीस फुटांवरून जेवढा दिसतो, तेवढाच १५ इंची लॅपटॉप साधारण सात फुटांवरून दिसतो. लॅपटॉप टेबलावर ठेवा, स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, सात फूट मागं जा आणि पाचही ओळी वहीत उतरवा. नुसत्या वाचून चालणार नाही, उतरवायच्याच. मग ती वही बघून टाइप करा. उत्तर १५० आलं तर स्लाइड वर्गात न्या.

मी पहिल्या दिवशी एवढं केलं असतं तर पन्नास उत्तर माझंच आलं असतं, आणि वही मला मिटावी लागली असती.

तुमच्या वर्गातला टीव्ही किंवा प्रोजेक्टर वेगळ्या मापाचा असेल तर पडद्याची रुंदी पट्टीनं मोजा आणि ९६० नं भागा. एक पॉइंट म्हणजे किती मिलिमीटर ते कळेल. पुढच्या शनिवारी ती मुलगी वर्गाला भावाच्या ओळी समजावणार आहे. स्लाइड तिनंच करायला घेतलीय. चारच ओळी आहेत.